फर्स्ट लॉचं उत्तर पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी चूक केवढी आहे ते मोजा

थर्मोडायनॅमिक्सचा फर्स्ट लॉ तोंडपाठ असतो, समीकरण बरोबर लिहिलेलं असतं, आकडेमोड दोनदा तपासलेली असते, तरी उत्तर जुळत नाही. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता मी आधी पायऱ्या बघतच नाही. फक्त दोन आकडे मागतो: तुमचं उत्तर आणि बरोबर उत्तर. त्या दोन आकड्यांमधला फरकच बहुतेक वेळा सांगतो की गडबड युनिटची आहे, चिन्हाची आहे, की आणखी कशाची.

हे कसं, ते एकाच गणितावर दाखवतो. गणित मुद्दाम असं घेतलंय की नेहमीचे सगळे सापळे त्यात एकत्र आहेत.

एका कॉम्प्रेसरमध्ये हवा २७ अंश सेल्सियसला शिरते आणि २३७ अंश सेल्सियसला बाहेर पडते. हवेचा प्रवाह ३० किलो प्रति मिनिट आहे. आत येतानाचा वेग १० मीटर प्रति सेकंद, बाहेर जातानाचा १२०. कॉम्प्रेसरच्या बाहेरून थंड पाणी फिरतंय आणि ते ८ किलोवॉट उष्णता घेऊन जातं. हवेचा cp १.००५ किलोज्यूल प्रति किलो केल्विन धरायचा. उंचीतला फरक सोडून द्यायचा. कॉम्प्रेसर चालवायला किती पॉवर लागेल?

आधी बरोबर उत्तर काढू. इंजिनिअरिंगच्या बहुतेक पुस्तकांतली पद्धत अशी आहे: सिस्टीमला मिळालेली हीट धन, सिस्टीमने केलेलं वर्क धन. वाफेच्या इंजिनाच्या काळापासून हीच सवय आहे, कारण त्या यंत्रात उष्णता आत जाते आणि काम बाहेर येतं, म्हणून ज्या दोन गोष्टी हव्यात त्या दोन्ही धन ठेवल्या. त्या पद्धतीने स्टेडी फ्लोचं समीकरण:

```
Q − W = m [ cp (T₂ − T₁) + (V₂² − V₁²)/२००० ]

m  = ३०/६० = ०.५ kg/s
Q  = −८ kW
cp (T₂ − T₁) = १.००५ × २१० = २११.०५ kJ/kg
(१२०² − १०²)/२००० = ७.१५ kJ/kg

−८ − W = ०.५ × २१८.२ = १०९.१
W = −११७.१ kW
```

W ऋण आला, म्हणजे काम कॉम्प्रेसरला द्यावं लागतं. उत्तर लिहिताना ‘कॉम्प्रेसरला ११७.१ किलोवॉट पॉवर लागते’ असं वाक्य लिहायचं. ‘लागते’ म्हटल्यावर दिशा शब्दातच आली, तिथे पुन्हा वजा चिन्ह लावलं तर वाक्याचा अर्थ उलटतो.

आता चुकीची उत्तरं बघू.

सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उत्तर ३६८८.५ किलोवॉट आहे. इथे वेगाच्या पदाला २००० ऐवजी फक्त २ ने भागलेलं असतं. वेगाचा वर्ग भागिले दोन केलं की येतात ज्यूल प्रति किलो, आणि शेजारी बसलेली एन्थाल्पी असते किलोज्यूल प्रति किलोमध्ये. कागदावर दोन्ही नुसतेच आकडे दिसतात, म्हणून ७१५० आणि २११ यांची बेरीज करताना हात थांबत नाही. हे पकडायला एक मोजमाप मनात पक्कं ठेवा: ४५ मीटर प्रति सेकंद वेग म्हणजे जेमतेम १ किलोज्यूल प्रति किलो. हवेचं तापमान साधारण १ अंशाने वाढवायला तेवढीच ऊर्जा लागते. म्हणजे २१० अंशांच्या वाढीसमोर १२० मीटर प्रति सेकंद वेगाचं पद लहानच असलं पाहिजे. ते मोठं दिसलं, की हजाराने भागायचं राहिलंय हे तिथल्या तिथे कळतं. उंचीच्या पदाचंही तसंच: १ किलोज्यूल प्रति किलो मिळायला सुमारे १०२ मीटर उंची लागते, म्हणून कॉम्प्रेसर-टर्बाइनच्या गणितात ते पद बिनधास्त सोडतात.

नॉझलच्या गणितात हाच हजार वेगळ्या रूपात येतो. तिथे एन्थाल्पीच्या घटीवरून वेग काढायचा असतो आणि वर्गमूळ घ्यावं लागतं, त्यामुळे चूक १००० पटीची न दिसता ३१.६ पटीची दिसते. एन्थाल्पी १०० किलोज्यूल प्रति किलोने घटली आणि आत येतानाचा वेग नगण्य असला तर बाहेरचा वेग ४४७ मीटर प्रति सेकंद यायला हवा. तुमचा १४.१ आला असेल तर वर्गमुळाच्या आत हजाराने गुणायचं राहिलं.

दुसरं चुकीचं उत्तर ६५५४ किलोवॉट. हे मिनिटाचे सेकंद न केल्यामुळे येतं. पण भागाकार करून बघितला तर ६० येत नाही, ५६ येतात, आणि तिथे मुलं फसतात. त्यांना वाटतं, ६० पट नाही म्हणजे मिनिटाची चूक नसणार. भागाकार ६० येत नाही कारण प्रवाह फक्त उजव्या बाजूला गुणलेला आहे, ८ किलोवॉट तसेच राहिलेत. युनिटची चूक सगळ्या पदांवर पडली असेल तरच भागाकार स्वच्छ येतो. एकाच पदावर पडली असेल तर वजाबाकी करून बघावी: ६५५४ वजा ११७.१ म्हणजे ६४३६.९, आणि हे बरोबर १०९.१ च्या ५९ पट आहे. एक पट आधीच हिशोबात होती, ५९ जास्तीच्या लागल्या.

ही दोन्ही उत्तरं तशी निरुपद्रवी आहेत, कारण ती बघताच खटकतात. खरी घातक चूक ती, जिचं उत्तर शहाण्यासारखं दिसतं. याच गणितात एक उत्तर ११३.१ किलोवॉट येतं. बरोबर उत्तराच्या इतकं जवळ, की कुणीही म्हणेल राउंडिंगचा फरक असेल. पण तसं नाही. इथे मुलाने गणित एक किलो हवेसाठी सोडवायचं ठरवलं आणि असं लिहिलं:

```
−८ − w = २१८.२
w = −२२६.२ kJ/kg
W = ०.५ × (−२२६.२) = −११३.१ kW
```

इथे −८ हा किलोवॉटमधला आकडा आहे, म्हणजे दर सेकंदाचा. शेजारचा २१८.२ हा दर किलोचा. एका ओळीत दोन वेगवेगळे हिशोब मिसळले. एक किलोमागे उष्णता ८/०.५, म्हणजे १६ किलोज्यूल जाते. तो आकडा घातला की w = −२३४.२ आणि W = −११७.१ मिळतो. प्रवाह योगायोगाने १ किलो प्रति सेकंद असता तर ही चूक कधीच दिसली नसती, आणि पुस्तकांतल्या सुरुवातीच्या सोप्या उदाहरणांत प्रवाह बऱ्याचदा १ च असतो. तिथून सवय लागते. माझा आग्रह एवढाच आहे की समीकरण लिहिण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात ‘दर किलो’ किंवा ‘दर सेकंद’ यांपैकी एक शब्द लिहा आणि त्या पानावर तोच पाळा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, मिसळल्या की दोन्ही चुकतात.

चिन्हाच्या चुकीची खूण मात्र अगदी ठरलेली असते. उष्णता बाहेर जाते हे विसरून Q = +८ घातलं तर उत्तर १०१.१ येतं. ११७.१ मधून १०१.१ गेले, राहिले १६, म्हणजे ८ ची दुप्पट. चिन्ह उलटं पडलं की ते पद एकदा कमी होण्याऐवजी एकदा वाढतं, त्यामुळे फरक नेहमी त्या पदाच्या दुपटीचा येतो. तुमच्या आणि बरोबर उत्तराच्या फरकाला दोनाने भागा आणि तो आकडा गणितात कुठे सापडतो का बघा. सापडला, तर त्याच पदाचं चिन्ह उलटं आहे. हे काम अर्ध्या मिनिटात होतं आणि सगळ्या पायऱ्या पुन्हा वाचण्यापेक्षा कितीतरी खात्रीचं आहे.

हेच गणित उलटं विचारलं तर काय होतं ते बघा. ‘कॉम्प्रेसरला ११७.१ किलोवॉट पॉवर दिली, तर किती उष्णता गेली?’ आता बरेच जण Q − ११७.१ = १०९.१ लिहितात आणि Q = +२२६.२ काढतात. म्हणजे थंड पाण्याने हवेला तब्बल २२६ किलोवॉट उष्णता दिली! बरोबर उत्तर −८. फरक २३४.२, म्हणजे ११७.१ ची दुप्पट, तेव्हा दोष W च्या चिन्हात. ‘दिली’ हा शब्द वाचला पण समीकरणात नेला नाही.

गणितातली क्रियापदंच चिन्ह सांगतात. ‘गेली’, ‘काढून घेतली’, ‘वातावरणात सोडली’, ‘रिजेक्ट झाली’ असं असेल तर Q ऋण. ‘पुरवली’, ‘दिली’, ‘शोषली’ असेल तर धन. वर्कच्या बाबतीत ‘मिळालं’, ‘यंत्राने केलं’ धन, आणि ‘लागलं’, ‘दाबायला खर्च झालं’ ऋण. पेचात टाकणारं वाक्य म्हणजे ‘हीट लॉस = −८ किलोवॉट’. इथे लॉस हा शब्दही वजाबाकी सांगतो आणि चिन्हही. अशा वेळी पाणी कॉम्प्रेसरपेक्षा थंड आहे का एवढं बघा. थंड असेल तर उष्णता बाहेरच जाणार, कोणी काहीही लिहिलेलं असो.

चिन्हाच्या गोंधळाचं आणखी एक मूळ आहे. रसायनशास्त्रात शिकवलेलं समीकरण ΔU = Q + W असं असतं आणि तिथे सिस्टीमवर झालेलं वर्क धन असतं. हे चूक नाही, नुसती वेगळी पद्धत आहे. घोटाळा कधी होतो, तर समीकरण एका पद्धतीचं आणि W काढायचं सूत्र दुसऱ्या पद्धतीचं वापरलं की. उदाहरणार्थ, ΔU = Q + W लिहायचं आणि W साठी नेहमीचं P(V₂ − V₁) घालायचं. त्या पद्धतीत वर्कचं सूत्र −P(V₂ − V₁) आहे. दोन्ही नीट जोडीने वापरा, किंवा एक जोडी कायमची सोडून द्या.

मी मुलांना तिसरा रस्ता सुचवतो. यंत्राभोवती एक चौकट काढा. जे आत जातं ते बाणाने आत दाखवा, जे बाहेर जातं ते बाहेर, आणि सगळे आकडे धन ठेवा. मग फक्त एवढंच लिहायचं:

```
आत येणारी ऊर्जा = बाहेर जाणारी ऊर्जा
W_in = ८ + ०.५ × २१८.२ = ११७.१ kW
```

यात पद्धत लक्षात ठेवायचा प्रश्नच उरत नाही. शिवाय उत्तर समोर बोलतं: दिलेल्या कामापैकी १०९.१ हवेसोबत गेलं, ८ पाण्यासोबत. तेव्हा लागणारी पॉवर १०९.१ पेक्षा जास्तच हवी, हे १०१.१ काढणाऱ्याला चौकट बघूनच खटकलं असतं. जिथे दिशा आधी माहीत नाही तिथे एक दिशा गृहीत धरा. उत्तर ऋण आलं तर दिशा उलटी, बाकी काही बदलायचं नाही. हे स्टेडी फ्लोसाठी झालं. बंद सिस्टीममध्ये ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक आतल्या ऊर्जेत जमा होतो, तेवढं पद वाढवावं लागतं.

तापमानाच्या सापळ्यावर थोडक्यात. २१० अंश सेल्सियसचा फरक म्हणजे २१० केल्विनचाच फरक, त्यात २७३ मिळवायचे नाहीत. मिळवले तर या गणितात २५४.३ येतं. तेच PV = mRT वापरताना किंवा तापमानांचं गुणोत्तर घेताना मात्र केल्विनशिवाय चालत नाही. फरकाला काहीही चालतं, भागाकाराला केल्विनच.

आणि एक चूक जी युनिटची नाही, चिन्हाचीही नाही, पण त्यांच्या नावावर खपते: उत्तर ८७.० येणं. इथे cp च्या जागी cv वापरलेला असतो, ०.७१८. बरोबर उत्तराशी फरक ३०.१, आणि हा आकडा m × R × २१०, म्हणजे ०.५ × ०.२८७ × २१० इतकाच आहे. हवा आत ढकलायला आणि बाहेर काढायला लागणारं जे फ्लो वर्क एन्थाल्पीत आपोआप धरलेलं असतं, तेच सुटलं. वाहणाऱ्या हवेला h, कोंडलेल्या हवेला u.

कोंडलेल्या हवेचं एक गणित घेतल्याशिवाय प्रेशरचा सापळा दाखवता येणार नाही. पिस्टन-सिलिंडरमध्ये हवा आहे, गेज २ बार दाखवतो, वातावरणाचं प्रेशर १ बार. प्रेशर स्थिर ठेवून हवा थंड केली, आकारमान ४० लिटरवरून २५ लिटर झालं, १५.७५ किलोज्यूल उष्णता गेली. आतल्या ऊर्जेत किती बदल झाला?

```
P = २ + १ = ३ bar = ३०० kPa
W = ३०० × (०.०२५ − ०.०४०) = −४.५ kJ
ΔU = Q − W = −१५.७५ − (−४.५) = −११.२५ kJ
```

दोन वजा चिन्हांच्या मधला कंस कधीही खाऊ नका. तो खाल्ला की −२०.२५ येतं, फरक ९, म्हणजे ४.५ ची दुप्पट. तीच खूण.

लिटरची भानगड एका ओळीची आहे. किलोपास्कल गुणिले घनमीटर म्हणजे किलोज्यूल, पण किलोपास्कल गुणिले लिटर म्हणजे ज्यूल. ३०० × १५ = ४५०० हा आकडा बरोबरच आहे, त्याला किलोज्यूल म्हणणं चूक.

गेज प्रेशरवर मात्र मला थांबायचंय, कारण तिथे ‘वातावरण मिळवा’ एवढंच सांगून सगळे पुढे जातात आणि कारण राहून जातं. ३ बारऐवजी गेजचे २ बार वापरले तर W = −३.० येतो आणि ΔU = −१२.७५. हा ३.० आकडा निरर्थक नाही. पिस्टन खाली येताना त्याला दोन गोष्टी ढकलत होत्या: वरचं वातावरण, आणि पिस्टनचं वजन व वर ठेवलेला भार. वातावरणाने १०० × ०.०१५, म्हणजे १.५ किलोज्यूल काम केलं, वजन आणि भाराने मिळून ३.०. हवेला दोघांचं मिळून ४.५ मिळालं. घर्षण नाही असं धरलं तर गेज प्रेशरने काढलेलं वर्क म्हणजे वातावरण सोडून बाकीच्यांनी केलेलं काम. ‘वजनाने किती काम केलं’ असं विचारलं तर तेच उत्तर बरोबर ठरतं. पण फर्स्ट लॉ आतल्या हवेला लावलाय, आणि तिला कोणी ढकललं याच्याशी देणंघेणं नाही. तिला पूर्ण ३ बार जाणवतात. म्हणून ॲब्सोल्यूट. सिस्टीमची सीमा कुठे आखली हे स्पष्ट असलं की हा प्रश्न कधी अडत नाही.

या गणिताचं उत्तर तपासायची सोयही आहे. स्थिर प्रेशरला हवेसाठी ΔU भागिले W म्हणजे cv/R, सुमारे २.५. ११.२५ भागिले ४.५ बरोबर २.५ येतात. १२.७५ भागिले ३.० केलं तर ४.२५ येतात, तेव्हा पुस्तकाचं मागचं पान न उघडताही चूक कळते.

एक फरक असाही येतो, ज्याच्या मागे लागायची गरज नाही. वरच्या कॉम्प्रेसरचं गणित cp स्थिर न धरता हवेच्या टेबलवरून केलं, तर ३०० केल्विनला एन्थाल्पी ३००.१९ आणि ५१० केल्विनला ५१३.३२ मिळते, फरक २११.०५ ऐवजी २१३.१३. पॉवर येते ११८.१ किलोवॉट. हे १ किलोवॉट कुठल्याही पदाची दुप्पट नाही, हजाराशी किंवा साठाशी त्याचं नातं नाही. तापमान वाढतं तसा cp थोडा वाढतो, तेवढाच हा फरक आहे. उत्तर एक टक्क्याच्या आत असेल आणि वरच्या खुणांपैकी एकही बसत नसेल, तर गणित खोडू नका. Cp कुठल्या तापमानाचा घेतला ते उत्तराशेजारी लिहा.